पॅरिसचे वार्तापत्र : बटरचा धीर

फ्रान्समधल्या बेकरीत दोन वेगळी राज्यं नांदतात. एक पावाचं. ‘पारंपरिक फ्रेंच पाव’ या नावाने जे विकायचं, त्यात मुळात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण एवढंच असावं, असं १९९३ च्या सरकारी आदेशाने ठरवून दिलंय. त्या राज्यात बटरला थारा नाही. त्याची सगळी कसर शेजारच्या फळीवर भरून निघते. तिथे क्रोसाँ असतात आणि ब्रिओश असते. अंडी आणि बटर घातलेला हा गोडसर पाव इथे न्याहारीला आणि शाळा सुटल्यावरच्या खाण्याला चालतो. दुकानाच्या पाटीवर ‘प्युर बर’, म्हणजे शुद्ध बटरचा, हे दोन शब्द असले की किंमत वाढते आणि गिऱ्हाईक कुरकुर न करता ती देतं.

चांगल्या ब्रिओशीत बटर मैद्याच्या निम्म्या वजनाचं असतं. अर्धा किलो मैदा, सहा अंडी, ६० ग्रॅम साखर, १० ग्रॅम मीठ, २० ग्रॅम ताजं यीस्ट आणि २५० ग्रॅम बिनमिठाचं बटर. पाणी जवळजवळ नाहीच, ओलावा अंड्यांचा. एवढं बटर सुरुवातीलाच ओतलं तर मैद्याच्या कणांवर स्निग्धतेचं आवरण चढतं, ग्लुटेनचे धागे नीट जुळत नाहीत आणि पाव केकसारखा भुसभुशीत होतो. म्हणून बटर सोडून बाकी सगळं आधी मळायचं. यंत्रावर दहा मिनिटं तरी लागतात. गोळा भांड्याच्या कडा सोडू लागला आणि चिमूटभर पीठ ताणल्यावर न फाटता त्यातून पलीकडचं बोट अंधुक दिसू लागलं, की बटरची वेळ झाली.

बटर थंड हवं, पण बोटाने दाबलं तर वाकेल इतपत मऊ. त्याचे लहान तुकडे करून तीन-चार तुकडे टाकायचे, ते पिठात पूर्ण दिसेनासे होईपर्यंत थांबायचं, मग पुढचे. मधेच पीठ फुटल्यासारखं, चिकट दिसतं. तिथे घाबरून वर मैदा भुरभुरायचा मोह होतो, तो आवरावा. मळत राहिलं की गोळा पुन्हा जमतो. खरी धोक्याची खूण वेगळी आहे : पिठाला तेलकट चकाकी येणं. यंत्राच्या घर्षणाने पीठ तापतं, पंचविशी ओलांडली की बटर वितळायच्या बेताला येतं आणि पिठातून सुटू लागतं. तसं दिसताच भांडं फ्रीजमध्ये ठेवायचं आणि गार झाल्यावर पुढे मळायचं. इथले बेकर अंडी फ्रीजमधून काढून थेट वापरतात, ते याचसाठी.

तासभर फुगू दिल्यावर गोळा हलक्या हाताने दाबून हवा काढतात आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतात. थंडीत यीस्ट मंदावतं, चव मुरते, ताणलेलं ग्लुटेन सैलावतं. मुख्य म्हणजे बटर घट्ट होतं. आदल्या दिवशी हाताला चिकटणारा लगदा सकाळी आकार धरतो.

पॅरिसची खास ब्रिओश डोकं असलेली. पन्नास-साठ ग्रॅमचा गार गोळा घ्यायचा, तळहाताच्या कडेने करवत चालवल्यासारखं मागेपुढे करून त्याला मान काढायची, पण तोडायची नाही. मग धडाच्या मधोमध खोल खड्डा करून डोकं त्यात बसवायचं. वर वर ठेवलं तर भट्टीत ते एका बाजूला कलंडतं. हे सगळं होताना गोळ्याची वरची कातडी फाटता कामा नये, नाहीतर फुगताना तिथूनच वायू निसटतो. पीठ मागे ओढलं जात असेल, चिरा दिसत असतील, तर जोर लावू नये. झाकून दहा मिनिटं विसावा द्यावा. उलट ते हाताला लागू लागलं तर पुन्हा फ्रीज. ओट्यावर मैदा अगदी नावापुरता, कारण जास्त झाला तर घड्या एकमेकींना धरत नाहीत.

साच्यातलं शेवटचं फुगणं दीड-दोन तासांचं आणि अठ्ठावीस अंशांच्या आत. साच्याच्या तळाशी बटर साचलं, तर जागा जास्त उबदार होती असं समजावं. फेटलेलं अंडं दोनदा लावून १८० अंशांवर लहान ब्रिओश पंधरा मिनिटांच्या आसपास भाजतात.

महाराष्ट्रात करून पाहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं : मे महिन्यात आपला ओटाच तिशीपार असतो, तेव्हा मळणं पहाटे करावं आणि आकार देताना एकेकच गोळा फ्रीजबाहेर काढावा. घरचं लोणी वापरू नका, त्यात पाणी फार असतं. पाकिटातलं खारं बटर घेतलंत, तर पिठातलं मीठ कमी करा.