तेरा हप्ते गेले कुठे?

घराच्या किंवा दुचाकीच्या कर्जाचा हप्ता पाच तारखेला खात्यातून आपोआप वळता होतो. आपल्याला दिसतो तो फक्त मोबाइलवरचा मेसेज. त्यामागे बहुतेक वेळा ‘नॅच’ ही यंत्रणा असते. ती नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन चालवते, आणि 1 ऑगस्ट 2021पासून ती सुट्टीच्या दिवशीही सुरू असते. पण कर्ज देणारी संस्था आणि आपली बँक यांच्यामध्ये त्या हप्त्याला बराच प्रवास करावा लागतो, आणि त्यातला मोठा भाग रात्री घडतो. त्याला संगणकवाले ‘बॅच’ किंवा ‘रात्रीचा रन’ म्हणतात.

समजा, एका मध्यम आकाराच्या कर्जसंस्थेचे पाच तारखेला 40,000 हप्ते येणे आहेत. आकडे नमुन्याचे आहेत, पण घटनाक्रम या धंद्यातल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. चार तारखेच्या रात्री पहिला प्रोग्राम कर्जखात्यांतून येणे हप्ते उचलतो. दुसरा त्यांची तपासणी करतो. मँडेट रद्द झालंय का, खातं बंद आहे का, हे पाहून तो 38 नोंदी बाजूला काढतो. उरलेल्या 39,962 नोंदींची फाइल सकाळी बँकेकडे जाते. संध्याकाळी उत्तराची फाइल येते: कुणाचे पैसे आले, कुणाचा हप्ता परत फिरला. मग पाच तारखेच्या रात्री तिसरा प्रोग्राम ते उत्तर वाचून कर्जखात्यांत जमा-नावे टाकतो.

सहा तारखेला सकाळी हिशोब मांडला जातो. जमा झाले 37,104, परत फिरले 2,845. बेरीज येते 39,949, म्हणजे तेरा हप्ते कमी. आकड्यांचा ताळा इतकंच सांगतो. कोणते तेरा, हे तो सांगत नाही.

इथे जुन्या पद्धतीचा माणूस दोन याद्या समोरासमोर ठेवून कर्जखात्याचा नंबर आणि रक्कम जुळवायला बसतो. ते बऱ्यापैकी जुळतंही, पण नेमकं अडचणीच्या जागी फसतं. एखाद्या कर्जदाराचा गेल्या महिन्यात परत फिरलेला हप्ता आणि या महिन्याचा हप्ता एकाच फाइलमध्ये गेलेला असतो. खातं तेच, रक्कम तीच. उत्तर मात्र एकालाच आलंय. ते कुठल्या हप्त्याचं? मँडेटचा नंबर, म्हणजे वीस अक्षरांचा यूएमआरएन, कामाला येईल असं वाटतं. पण तो मँडेटचा नंबर आहे, हप्त्याचा नव्हे. मँडेट चालू आहे तोवर दर महिन्याला तोच येतो.

म्हणून प्रत्येक हप्त्याला जन्मतःच त्याचा स्वतःचा क्रमांक द्यायचा आणि तो शेवटपर्यंत सोडायचा नाही. याला ‘कोरिलेशन आयडी’ म्हणतात. ग्रेगर होप आणि बॉबी वुल्फ यांनी 2003 साली ‘एंटरप्राइज इंटिग्रेशन पॅटर्न्स’ या पुस्तकात याच नावाखाली ही रीत मांडली. तिथला प्रश्न साधा होता: मी पाठवलेल्या अनेक विनंत्यांपैकी हे उत्तर कोणत्या विनंतीचं? सरकारी दवाखान्यात खिडकीवर मिळालेला केसपेपरचा नंबर रक्ताच्या बाटलीवर, एक्स-रेच्या पाकिटावर आणि औषधाच्या चिठ्ठीवर उतरत जातो, तसंच हे काम.

आपल्या संस्थेत हा क्रमांक पहिल्या प्रोग्रामने हप्ता उचलताच दिला जातो आणि एका तक्त्यात कायमचा लिहिला जातो. पुढचा प्रत्येक टप्पा आपलं काम झालं की त्या क्रमांकासह एक ओळ टाकतो. एका सुखरूप पोचलेल्या हप्त्याची वाटचाल अशी दिसते:

```
04 23:12:07 run=N250304 item=250305-0008115 try=1 stage=EXTRACTED
04 23:31:44 run=N250304 item=250305-0008115 try=1 stage=VALIDATED
05 07:05:20 run=N250304 item=250305-0008115 try=1 stage=SENT
05 22:48:13 run=N250305 item=250305-0008115 try=1 stage=POSTED
```

यात दोन वेगळे क्रमांक आहेत. `run` हा त्या रात्रीच्या फेरीचा नंबर, `item` हा हप्त्याचा. हप्ता एका रात्री निघतो आणि दुसऱ्या रात्री खात्यात बसतो, म्हणून मधे फेरीचा नंबर बदलतो, हप्त्याचा बदलत नाही. पुष्कळ ठिकाणी फक्त फेरीचा नंबर लिहून समाधान मानतात. मग ‘काल रात्रीचा रन बिघडला’ एवढं कळतं, आणि चाळीस हजारांत काय बिघडलं ते हाताने शोधावं लागतं.

क्रमांक असला की तेरा हप्ते शोधायला एकच प्रश्न पुरतो: जे पाठवले गेले, पण ज्यांची जमेची किंवा परत फिरल्याची ओळ नाही, ते कोणते?

```sql
SELECT s.item FROM events s
LEFT JOIN events d ON d.item = s.item
  AND d.stage IN ('POSTED', 'RETURNED')
WHERE s.run = 'N250304' AND s.stage = 'SENT'
  AND d.item IS NULL;
```

तेरा क्रमांक समोर येतात. त्यातला एक `250305-0017342`. तो बँकेकडून आलेल्या मूळ फाइलमध्ये शोधला, तर सापडतो! म्हणजे बँकेने उत्तर दिलेलं आहे आणि चूक आपल्याच घरात आहे. तिसऱ्या प्रोग्रामचा लॉग उघडला की तिथे बरोबर तेरा ओळी ‘अनोळखी क्रमांक, सोडून दिला’ अशा शेऱ्याच्या मिळतात. त्यातली एक आहे ` 250305-001734`. सुरुवातीला एक रिकामी जागा, शेवटचा 2 गायब.

आता कारण उलगडतं. ही फाइल ठरावीक रुंदीच्या रकान्यांची आहे: नाव चाळीस अक्षरं, त्यानंतर लगेच क्रमांक. या तेरा खातेदारांच्या नावात, कुणी तरी वर्डमधून नाव चिकटवताना, साध्या मोकळ्या जागेऐवजी ‘नॉन-ब्रेकिंग स्पेस’ आली आहे. डोळ्यांना दोन्ही सारख्याच. पण यूटीएफ-8 या लिपिसंकेतात साधी मोकळी जागा एक बाइट घेते आणि ही दोन. आपला प्रोग्राम अक्षरं मोजायच्या ऐवजी बाइट मोजत होता. त्यामुळे नावापुढचं सगळं एका घराने सरकलं आणि क्रमांक अर्धवट वाचला गेला. उपाय दोन ओळींचा: अक्षरं मोजा, आणि अनोळखी क्रमांक दिसला तर तो गुपचूप सोडून न देता सकाळच्या अहवालात आणा. माझ्या मते दुसरी ओळ जास्त मोलाची, कारण उद्या बिघाड वेगळाच असेल.

क्रमांकाची घडण करताना मात्र घोटाळे होतात. हौसेने कुणी तरी `EMI-20250305-R1-0017342` असा सगळी कुंडली सांगणारा क्रमांक बनवतं. तो तेवीस अक्षरांचा आहे. वाटेत एखादी जुनी लेखाप्रणाली असते, तिच्या संदर्भाच्या रकान्यात वीसच अक्षरं मावतात, आणि ती उरलेली तीन न सांगता कापते. उरतं `EMI-20250305-R1-0017`. ज्या आकड्यांनी एक हप्ता दुसऱ्यापासून वेगळा होत होता तेच गेले, आणि 0017000पासून 0017999पर्यंतच्या हजार हप्त्यांचा क्रमांक एकच झाला. म्हणून आधी वाटेतला सगळ्यांत अरुंद रकाना मोजावा, मग क्रमांक ठरवावा. निव्वळ आकड्यांचा लांबलचक क्रमांकही नको. कुणी तरी फाइल एक्सेलमध्ये उघडतोच, आणि एक्सेल पंधरा अंकांपुढचे अंक शून्य करून टाकतं.

आधार, पॅन, मोबाइल नंबर यांचा क्रमांक म्हणून वापर करू नये, हेही सांगायला हवं. लॉग अनेकांच्या हातात फिरतात, बाहेरच्या कंपन्यांकडेही जातात. क्रमांकाला स्वतःचा असा काही अर्थच नसलेला बरा.

रन मधेच कोसळतो तेव्हा खरी परीक्षा. पुन्हा चालवताना प्रोग्रामने नवे क्रमांक वाटले, तर एकाच हप्त्याला दोन क्रमांक होतात. मग दोनदा कापलेला हप्ता दोन वेगवेगळ्या हप्त्यांसारखा दिसतो, आणि ज्या साधनाने दुबार नोंद पकडायची तेच ती झाकतं. क्रमांक एकदाच द्यायचा आणि तक्त्यातून वाचायचा. फेरप्रयत्नाची नोंद वेगळी ठेवायची, वरच्या ओळींत `try=1` आहे ती त्यासाठीच.

क्रमांक नसण्यापेक्षा चुकीचा क्रमांक वाईट. जावामध्ये लिहिलेल्या प्रोग्राममध्ये चालू क्रमांक बहुधा ‘थ्रेड’च्या खिशात ठेवतात, म्हणजे लॉगची प्रत्येक ओळ तो आपोआप उचलते. थ्रेड म्हणजे एकामागून एक हप्ते हाताळणारा कामगार. एक हप्ता संपल्यावर त्याने खिसा रिकामा केला नाही, तर पुढच्या हप्त्याच्या काही ओळी मागच्याच्या नावावर पडतात. हे ओळखायची खूण म्हणजे एकाच क्रमांकावर, त्याच प्रयत्नात, दोनदा `VALIDATED`, आणि दुसऱ्या एखाद्या क्रमांकावर ती ओळच नाही. ही खूण दिसली की त्या रात्रीच्या लॉगवर विसंबू नये.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. क्रमांक वाट दाखवतो, कारण नाही. ते शोधायला मूळ फाइल उघडावीच लागते, जशी वर उघडली. शिवाय जिथे अनेकांचं एक होतं तिथे माग तुटतो. खतावणीत 37,104 जमा रकमांची मिळून एकच एकत्रित नोंद पडते, तिला एक हप्ता-क्रमांक देता येत नाही. तिथे कोणते हप्ते कोणत्या नोंदीत गेले याचा वेगळा तक्ता राखावा लागतो. हे काम कंटाळवाणं, म्हणून हमखास राहून जातं, आणि लेखापरीक्षक आले की आठवतं. आणखी एक: लॉगच्या फाइली अनेक ठिकाणी काही दिवसांत पुसल्या जातात, तर ग्राहकाची तक्रार महिन्याचं स्टेटमेंट पाहून येते. टप्प्यांच्या ओळी लॉगमध्येच न ठेवता तक्त्यातही ठेवल्या, तर त्या वेळी हाताशी असतात.

कर्जदाराच्या बाजूने एक व्यवहाराची गोष्ट. तुमचा हप्ता खात्यातून गेला आणि कर्जात जमा दिसला नाही, तर तक्रारीत नुसता यूएमआरएन लिहून थांबू नका. हप्त्याची तारीख, रक्कम आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये त्या नोंदीपुढे छापलेला संदर्भ क्रमांक जसाच्या तसा, शून्यांसकट, उतरवून द्या.