नावात गुंफलेला वाढदिवस

मित्राच्या नावातल्या अक्षरांनी ओळी सुरू करताना मराठीत मात्रेसकट अक्षर धरतात. ‘निखिल’ म्हणजे नि, खि, ल. ‘निर्मळ मन, खिलाडू वृत्ती, लख्ख हसू’ हे कुणालाही चालेल, म्हणून ती भरती. आधी आठवणी लिहा, मग त्यांतला जुळणारा शब्द पुढे आणा:

निरोप मिळताच रात्री स्टेशनवर येणारा तू,
खिशातली शेवटची नोट चहावर उडवणारा तू,
लवकर ये, आज वाढदिवसाचा चहा आमच्याकडून!

‘मृणाल’मधल्या ‘णा’ने मात्र मराठी शब्द सुरू होत नाही. तिथे प्रत्येक ओळीच्या मध्ये नावाचे अक्षर ठेवून ते ठळक करावे. शेवटी दुसऱ्या मित्राचे नाव घालून वाचा. ओळ त्यालाही शोभली, तर ती बदला.