पाणी लागलं तरी चेहरा झोंबतो तेव्हा

शनिवारची शाळा सुटायला तास-सव्वा तास असताना मी नववीच्या वर्गात टेबलावर चार वाट्या मांडल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत अंघोळीच्या साबणाचं पाणी, तिसरीत लिंबाचा रस आणि चौथीत चेहऱ्याला लावायचं ग्लायकोलिक अ‍ॅसिडचं टोनर. ते टोनर एका मुलीने माझ्या दवाखान्यात ठेवून दिलं होतं. मी त्वचेची डॉक्टर आहे. शाळेच्या हेल्थ क्लबने ‘स्किनकेअर’ या विषयावर बोलायला बोलावलं, तेव्हा मी भाषण लिहून नेलं नाही. त्या मुलीची परवानगी घेऊन, नाव न सांगता तिची गोष्ट नेली आणि सोबत पीएच मोजायच्या पट्ट्या.

पट्ट्या मुलांनीच बुडवल्या. पाणी सातच्या आसपास, साबण नऊच्या वर, लिंबू दोनच्या जवळ. टोनरची पट्टी साडेतीनच्या रंगावर थांबली. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच पाचच्या आगेमागे असतो. दीड आकड्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण पीएच एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, हे मुलं विज्ञानात शिकलेली होती. पहिल्या बाकावरच्या एका मुलाने हिशेब करून सांगितलं, “मॅडम, म्हणजे तीसपट?” साधारण तेवढंच. मग मी म्हटलं, की हे टोनर रोज रात्री आणि त्यावर आणखी तीन-चार बाटल्या लावणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचं काय झालं ते आता ऐका.

तिच्या कपाळावर बारीक पुटकुळ्या होत्या. त्या वयात अंगातले हार्मोन तेलग्रंथींना जास्त तेल करायला लावतात, रोमछिद्रं बुजतात, म्हणून त्या येतात. तिने फोनवर पाहिलेलं रूटीन असं होतं. सकाळी खूप फेस होणारा फेसवॉश आणि 15 टक्क्यांचं व्हिटॅमिन सी सीरम. रात्री पुन्हा फेसवॉश, 7 टक्क्यांचं ग्लायकोलिक टोनर, 10 टक्के नायसिनामाइड आणि शेवटी 0.5 टक्के रेटिनॉल. रविवारी वेगवेगळ्या आम्लांचं मिश्रण असलेलं, एकूण तीस टक्क्यांच्या वरचं लाल पील. सनस्क्रीन नव्हतं, कारण ते ‘चिकट’ लागतं.

पहिल्या आठवड्यात चेहरा खरंच चमकला. ही चमक म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर वहीच्या कागदाहून कितीतरी पातळ असतो. त्यात मेलेल्या चपट्या पेशी कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या असतात आणि त्यांच्या फटींमध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. आतलं पाणी उडून जाऊ नये आणि बाहेरचं काही आत झिरपू नये, हे काम हे छप्पर करतं. ग्लायकोलिक अ‍ॅसिड कौलांना धरून ठेवणारे सांधे सैल करतं, त्यामुळे वरची खडबडीत कौलं गळतात, पृष्ठभाग सपाट होतो आणि प्रकाश एकसारखा परततो. रेटिनॉल वेगळ्या वाटेने जातं. त्वचेत शिरल्यावर त्याचं रेटिनॉइक अ‍ॅसिड होतं आणि ते खालच्या पेशींना वाढायची घाई करायला लावतं. एकाने वरून कौलं काढायची आणि दुसऱ्याने खालून अर्धीकच्ची कौलं वर ढकलायची, असं रोज रात्री चाललं होतं. फटींमधला स्निग्ध थर भरायला वेळच मिळत नव्हता आणि फेसवॉश उरलासुरला दिवसातून दोनदा धुऊन नेत होता.

पन्नाशीतल्या बाईची त्वचा नवी व्हायला जास्त दिवस लागतात, म्हणून तिला रेटिनॉलचा धक्का उपयोगी पडतो. चौदाव्या वर्षी हे काम आपोआप वेगाने चाललेलं असतं. ज्या सुरकुत्यांवर ते औषध आहे त्या त्या मुलीला नव्हत्याच.

दुसऱ्या आठवड्यात चेहरा धुतल्यावर ओढल्यासारखा वाटू लागला. तिसऱ्यात नाकाच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यात पापुद्रे सुटले, गालांवर पूर्वी कधी नव्हत्या तिथे पुटकुळ्या उठल्या आणि नुसतं पाणी लागलं तरी झोंबू लागलं. तिने विचारलं तेव्हा मैत्रिणींनी आणि व्हिडिओंनी एकच उत्तर दिलं: हे पर्जिंग आहे, घाण बाहेर पडते आहे, थांबू नकोस.

वर्गात हा शब्द उच्चारताच निम्म्या मुलींनी माना डोलावल्या, म्हणून इथे मी बराच वेळ थांबले. पर्जिंग ही गोष्ट आहे, पण तिचा अर्थ फार थोडा आहे. रेटिनॉइडमुळे आत तयार होत असलेल्या पुटकुळ्या लवकर वर येतात. त्या नेहमीच्याच जागी येतात आणि महिना-दीड महिन्यात ओसरतात. नव्या जागी पुरळ, जळजळ, ताणलेली चकचकीत त्वचा, साध्या मॉइश्चरायझरनेही झोंबणं, हे पर्जिंग नव्हे. ते छप्पर गळत असल्याचं लक्षण आहे. घरी करायची परीक्षा सोपी आहे. चेहऱ्यावर गार पाणी मारा. झोंबलं, तर त्या दिवसापासून सगळं बंद.

चौथ्या आठवड्यात खो-खोचे सामने होते. तीन दिवस ती भर उन्हात मैदानावर होती. ग्लायकोलिकसारखी आम्लं त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात आणि वापर थांबवल्यावरही हा हळवेपणा आठवडाभर राहू शकतो. सामने संपल्यावर पाच-सहा दिवसांत तिच्या गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी पट्टे उमटले. तेव्हा आई तिला माझ्याकडे घेऊन आली.

या पट्ट्यांविषयी व्हिडिओंमध्ये कोणी बोलत नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. गोऱ्या कातडीवर जळजळ झाली की लाल डाग पडतो आणि सहसा काही आठवड्यांत मावळतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी संख्येने तेवढ्याच असतात, पण जास्त कामसू असतात. कसलीही जळजळ झाली, की त्या रंग ओतू लागतात. शिवाय आपल्याकडे सुरुवातीची लाली नीट दिसत नाही. त्वचा थोडी गडद आणि तांबूस भासते, म्हणून इशारा हुकतो. जळजळ दोन आठवड्यांत थांबते, पण डाग महिनोन् महिने राहतो, आणि रंग खालच्या थरात उतरला तर वर्षानुवर्षं. मग तो घालवायला मुली आणखी कडक पील विकत घेतात आणि चक्र पुन्हा सुरू होतं. ज्या परदेशी मुलीचं रूटीन तिने उचललं होतं, तिचे गाल आणि आपले गाल सारख्या चुकीची सारखी किंमत मोजत नाहीत.

ही एकाच मुलीची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 7 ते 18 वयाच्या मुलींचे टिकटॉकवरचे 100 स्किनकेअर व्हिडिओ तपासले आणि 2025 मध्ये ‘पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात त्याचा अहवाल दिला. सरासरी रूटीनमध्ये सहा वस्तू होत्या. सर्वांत जास्त पाहिलेल्या व्हिडिओंत त्वचेला त्रास देऊ शकतील असे सरासरी अकरा घटक निघाले. दिवसाच्या रूटीनपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्यात सनस्क्रीन होतं. वेगवेगळ्या बाटल्यांत तेच आम्ल पुन्हा पुन्हा येतं, हे लावणाऱ्या मुलीला कळतही नाही. आमच्या मुलीच्या बाबतीत टोनर आणि पील या दोन्हींत ग्लायकोलिक होतं. तिला वाटत होतं, एक ‘हायड्रेशन’साठी आहे.

आकडा मोठा म्हणजे गुण जास्त, हा समज तर मोठ्यांचाही असतो. मुरुमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड फार जुनं आणि खात्रीचं औषध आहे. त्याचं 2.5 टक्क्यांचं जेल मुरुमांवर 10 टक्क्यांच्या जेलइतकंच काम करतं आणि जळजळ कमी करतं, हे 1980च्या दशकातच तपासून झालं आहे.

त्या मुलीचे उपचार कंटाळवाणे होते, आणि ते वर्गाला मी मुद्दाम सविस्तर सांगितले. सगळ्या बाटल्या बंद. सकाळी नुसतं पाणी, संध्याकाळी साबण नसलेलं सौम्य क्लीन्झर, आणि चेहरा ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर. सोललेल्या कोपऱ्यांना पेट्रोलियम जेली. झोंबणं थांबेपर्यंत उन्हात टोपी आणि ओढणी, मग एसपीएफ 30चं सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटावर दोन रेघा भरतील एवढं. बाराव्या दिवशी पाणी झोंबायचं थांबलं. कपाळावरच्या पुटकुळ्या अर्थातच तशाच होत्या, कारण मूळ तक्रारीकडे कोणी पाहिलंच नव्हतं. दीड महिन्याने, त्वचा सावरल्यावर, मी तिला 0.1 टक्के अ‍ॅडापलिन दिलं. तेही रेटिनॉइडच आहे. पण वाटाण्याएवढं, अख्ख्या चेहऱ्याला मिळून, एक रात्र आड, आणि सोबत दुसरं कुठलंही अ‍ॅक्टिव्ह नाही. चौथ्या महिन्यात कपाळ स्वच्छ झालं. ओठावरचा पट्टा फिका झाला आहे, गेलेला नाही.

प्रश्न विचारायला मुलं आधी लाजली. मग एका मुलाने विचारलं, सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश चालेल का. तेलकट त्वचा असेल तर चालेल. तो मिनिटभर राहून धुतला जातो, रात्रभर मुरत नाही. फक्त तेवढंच एक ठेवायचं आणि पाणी झोंबू लागलं तर तेही सोडायचं. कुठलीही नवी गोष्ट आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज लावून पाहायची. दुसरीने विचारलं, “आजी म्हणते, बाटल्या नकोत, लिंबू लाव.” मी तिसऱ्या वाटीतली पट्टी उचलून दाखवली. लिंबू टोनरहूनही आंबट निघालं होतं, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर फोड येऊन काळे डाग पडू शकतात. आजीची माया खरी, पण लिंबू सरबतात बरं.

घंटा झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी टेबलाशी आली. म्हणाली, “मॅडम, माझ्याकडे पण आहेत. पॉकेटमनी साठवून घेतल्यात. फेकवत नाही.” मी विचारलं, काय काय आहे. व्हिटॅमिन सीचं सीरम नारिंगी-तपकिरी झालं होतं. ते हवेने खराब झालेलं, टाकूनच द्यायचं. पील टाकायचं. टोनर पायाच्या टाचांना लाव म्हटलं, भेगा नसतील तर. तिथलं कातडं जाड असतं आणि ते सोसतं. रेटिनॉल आईला दे, पण ती गरोदर असेल किंवा तसा विचार असेल तर नको, आणि सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री. नायसिनामाइड महिनाभर कपाटात राहू दे, तोवर चेहरा मोकळा ठेव. तिने वहीच्या शेवटच्या पानावर सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, “आणि आज रात्री काय लावू?” मी तिला नळाखाली गार पाणी चेहऱ्यावर मारून यायला सांगितलं. परत आली तेव्हा ती डोळे मिटून दोन्ही हातांनी गालांना वारा घालत होती.