संयुक्त खात्याचं पासबुक कोणाचं नाव सांगतं?
(लेखमाला ‘पैशांचे व्यवहार’ : संयुक्त खाती)

‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीच्या खात्यात दोघांपैकी कोणीही एकाच्या सहीने पैसे काढू शकतो आणि दोघांनाही संपूर्ण खातेउतारा पाहता येतो. त्यामुळे व्यवहार कोणी केला हेही उताऱ्यात असेल, असं बहुतेकांना वाटतं. पण पासबुकात माणसाची नोंद नसते, साधनाची असते. समजा, आई पहिली खातेदार आणि मुलगा दुसरा. एका आठवड्यात तीन नोंदी दिसतात : एटीएममधून १०,००० रुपये, यूपीआयने २,३५० रुपये आणि धनादेशाने १८,००० रुपये. तिन्ही रकमा एकाच शिलकेतून वजा होतात. यूपीआयच्या नोंदीत पैसे कोणाला गेले ते नाव आणि बारा अंकी संदर्भ क्रमांक सहसा मिळतो. पाठवणारा कोण, हे पासबुकात क्वचितच कळतं.

तरीही माग काढता येतो. दोघांना स्वतंत्र डेबिट कार्डं दिलेली असतील, तर एटीएमचे पैसे कोणत्या कार्डावर निघाले हे बँक सांगू शकते. धनादेशाच्या प्रतिमेवर सही दिसते. यूपीआयसाठी दोघांनी आपापल्या फोनमधला व्यवहारांचा इतिहास उघडावा. ज्याच्या ॲपमध्ये तो संदर्भ क्रमांक सापडेल, त्याच्या फोनवरून पैसे गेले. मुलाने केलेला व्यवहार आईच्या ॲपच्या इतिहासात येत नाही, पण खातेउताऱ्यात येतोच. एसएमएस मात्र बँकेत नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावर जातात. तिथे एकाचाच क्रमांक असेल, तर दुसऱ्याला उतारा काढेपर्यंत पत्ताही लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, बँकेकडे सगळा तपशील आहे, मग काळजी कशाला? बँकेला कार्ड कोणाच्या नावाचं ते ठाऊक असतं, पिन कोणी दाबला ते नव्हे. आईचं कार्ड मुलगा वापरत असेल, तर प्रत्येक व्यवहार आईच्याच कार्डावर दिसेल आणि पुढे वाद झाला की ही नोंद खऱ्याच्या विरोधात उभी राहील. दुसरा आक्षेप विश्वासाचा : घरातल्या घरात असा हिशेब कशाला? पण वेगळं कार्ड म्हणजे पाळत नव्हे. आई आणि मुलगा दोघंही एरवी सगळा उतारा पाहूच शकतात. वेगळ्या साधनांमुळे फक्त ‘हे तू काढलेस का?’ हा प्रश्न आरोप न करता सुटतो. म्हणून खातं उघडतानाच दोन कार्डं घ्यावीत, प्रत्येकाने आपला पिन स्वतःपाशी ठेवावा आणि दोन्ही मोबाइल क्रमांकांवर सूचना मिळण्याची सोय आहे का, हे शाखेत विचारावं. नोंद साधनाची असते. साधन एकाच माणसाच्या हातात राहिलं, तरच त्या नोंदीवरून माणूस ओळखता येतो.