दहा हजारांचं छत

२०२० च्या उन्हाळ्यात बिटकॉइनचा भाव दहा हजार डॉलरपाशी पुन्हा पुन्हा अडत होता. मेच्या पहिल्या आठवड्यात तो तिथं टेकला आणि १० तारखेला एकदम कोसळून काही एक्स्चेंजांवर सुमारे ८,१०० पर्यंत आला. पण पुढची प्रत्येक घसरण आधीपेक्षा वरच थांबली: मे अखेरीस ८,६०० च्या जवळ, जूनच्या मध्यावर ८,९०० च्या आसपास. वर सपाट छत आणि खाली चढत जाणारी रेघ, याला चार्ट वाचणारे चढता त्रिकोण म्हणतात. विकणारे एकाच भावाला अडून बसलेले असतात, घेणारे मात्र दर खेपेला थोडा जास्त भाव मोजायला तयार होतात.

छत फुटलं तर भाव कुठवर जाईल, याचा हिशेब सोपा आहे. त्रिकोणाची सर्वांत मोठी उंची मोजायची आणि ती छतावर ठेवायची. इथं १०,००० वजा ८,१०० म्हणजे १,९००, म्हणून लक्ष्य ११,९००.

पण आधी फसवणूक झाली. १ जूनला भाव दहा हजारांच्या वर उसळला. वर लावलेले मंदीवाल्यांचे स्टॉपलॉस उडाले आणि त्या सक्तीच्या खरेदीनं उसळीला आणखी बळ दिलं. खरे नवे गिऱ्हाईक मात्र फारसे मागून आले नाहीत. ‘दिवसाची कँडल वर बंद होऊ दे, मगच घ्या’ हा नेहमीचा सल्लाही त्या दिवशी कामी आला नाही, कारण कँडल छताच्या वरच बंद झाली होती. (क्रिप्टोचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला संपतो.) दुसऱ्याच दिवशी काही मिनिटांत भाव ९,५०० च्या आसपास कोसळला. छताखाली परत येणं, हीच फसलेल्या उडीची खूण. त्यानंतरही आशेनं थांबणाऱ्यांचं नुकसान वाढत जातं.

खरा ब्रेकआउट आला २७ जुलैला. त्या दिवशी भाव जवळजवळ ११,००० वर बंद झाला, व्यवहारही मोठे झाले, आणि पुढचे दिवस तो छताखाली आला नाही. २ ऑगस्टला भावानं १२,००० ओलांडले, म्हणजे लक्ष्य गाठलं, आणि लगेच मिनिटांत हजारावर डॉलर खाली आला. लक्ष्यापाशी नफा काढणारे अनेक असतात, तसंच कर्ज काढून तेजी करणाऱ्यांचे सौदेही तिथं सक्तीनं कापले जातात.

हे सगळं मागे वळून पाहताना स्वच्छ दिसतं. फेब्रुवारीतला उच्चांक धरून मी छत १०,५०० वर काढलं असतं, तर १ जूनची उडी छताला पोचलीच नसती आणि लक्ष्य १२,९०० आलं असतं. तिथं भाव पोचायला ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात, सप्टेंबरमध्ये, तो १२,००० वरून घसरून पुन्हा दहा हजारांना टेकला. जुनं छत या वेळी जमीन झालं होतं.