सहा सेकंदांत कांदा-लसूण मसाला: बंपर जाहिरात कशी बसवायची?

हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना जे सुटलं तेही इथे घातलंय.

यूट्यूबवर व्हिडिओच्या आधी येणारी आणि 'स्किप'चं बटणच नसलेली छोटी जाहिरात म्हणजे बंपर. गूगलने ती 2016 मध्ये आणली. मर्यादा कडक आहे, जास्तीत जास्त सहा सेकंद. पाच सेकंदांनी स्किप करता येते ती जाहिरात वेगळी. तिथे पहिल्या पाच सेकंदांत तुम्हाला माणूस धरून ठेवायचा असतो. बंपरमध्ये कोणी पळून जाऊ शकत नाही, पण पुढे सांगायलाही काही उरत नाही. जे काय आहे ते तेवढ्यातच.

माझी आत्या घरी कांदा-लसूण मसाला करून विकते. ती मला म्हणाली, "तू इंजिनिअर हायस, एक जाहिरात करून दे की." मजकूर तिने स्वतःच लिहून दिला: कोल्हापूरच्या मातीतला, संकेश्वरी आणि ब्याडगी मिरचीचा, खोबरं, तीळ, लसूण घालून कुटलेला, तीन पिढ्यांची परंपरा, जगात भारी, घरपोच, शेवटी फोन नंबर. मोबाईलवर स्टॉपवॉच लावून वाचलं तर एकोणीस सेकंद!

माझी पहिली चूक म्हणजे मी तेच भरभर वाचून रेकॉर्ड केलं. ऐकायला बस कंडक्टर गावांची नावं ओरडतोय तसं वाटायला लागलं. मग एकेक गोष्ट काढत गेलो. फोन नंबर पहिल्यांदा गेला, कारण सहा सेकंदांत दहा आकडे कोण लिहून घेणार? जाहिरातीवर बटण असतंच, ते थेट ऑर्डरच्या पानावर नेतं. 'जगात भारी'ही गेलं. आपल्याकडे पंक्चरवालासुद्धा तेच म्हणतोय, त्यामुळे त्यातून वेगळं काही कळत नाही. मिरच्यांची नावं काढताना आत्या रुसली. पण मी तिला विचारलं, गिऱ्हाईक परत येतं तेव्हा काय म्हणतं? ती पटकन म्हणाली, "रश्शाला कट लई भारी आला म्हणत्यात."

झालं, तीच जाहिरात. तांबड्या रश्शात पळी फिरते, लाल कट वर येतो आणि आवाज येतो: "असा कट यायला…" पुढे मसाल्याचं नाव आणि "…च लागतोय!" बोलणं जेमतेम अडीच सेकंद. उरलेल्या वेळात रश्शाचा रटरट आवाज आणि शेवटी दीड सेकंद पाकीट, त्यावर एकच ओळ: 'कोल्हापुरात घरपोच'.

एवढं करूनही पहिला कट फसला. (हा व्हिडिओचा कट, रश्शाचा नव्हे!) चुलतभावाला आवाज बंद करून एकदाच दाखवलं आणि विचारलं, कशाची जाहिरात होती? तो म्हणाला, "कुठल्यातरी मटणाच्या हॉटेलची." बरोबरच होतं त्याचं. पाकीट शेवटी येत होतं आणि तोवर त्याने हॉटेल ठरवून टाकलं होतं. मग पाकीट पहिल्या फ्रेमपासून वाडग्याशेजारी उभं केलं, तेही वरच्या बाजूला, कारण फोनवर खालच्या भागात जाहिरातीची पट्टी आणि बटण येतं. दुसऱ्या वेळी शेजारच्या काकूंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "मसाला." एकदाच दाखवायचं, आवाज बंद, आणि आधी काही सांगायचं नाही. ही चाचणी फुकट आहे, करा.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. एडिटरमध्ये बरोबर सहा सेकंद दिसतात, पण एक्सपोर्ट केल्यावर आवाजाचा ट्रॅक किंचित लांब निघतो आणि फाईल सहाच्या पुढे जाते. मग ती बंपर म्हणून चालत नाही. फाईलची खरी लांबी अशी बघा:

```
ffprobe -v error -show_entries format=duration -of csv=p=0 ad.mp4
```

6 पेक्षा जास्त आकडा आला तर शेवट थोडा छाटा. मी सुरुवातीपासूनच 5.9 धरून चालतो.

जाहिरात सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला: "अरं, व्ह्यूज तर काहीच न्हाईत!" बंपरचे व्ह्यूज व्हिडिओखालच्या आकड्यात धरलेच जात नाहीत. पैसे दर हजार वेळा दाखवण्यामागे जातात, म्हणून किती वेळा दाखवली ते जाहिरातीच्या खात्यात बघायचं. तिथेच एका माणसाला आठवड्यात किती वेळा दिसावी याची मर्यादाही घालता येते. ती नक्की घाला. तोच रस्सा दिवसात आठ वेळा दिसला तर माणूस वैतागणार.

आणि ज्याने हा मसाला कधी खाल्लाच नाही त्याला सहा सेकंदांत पटवणं अवघड आहे. आत्याची जाहिरात म्हणून आम्ही फक्त कोल्हापूर आणि आसपास ठेवली. कट म्हणजे काय हे इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पुण्या-मुंबईसाठी मिरच्यांची गोष्ट सांगणारी लांब, स्किप होणारी जाहिरात वेगळी करायची आहे. त्यात संकेश्वरी आणि ब्याडगी दोन्ही येणार, असा शब्द आत्याला दिलाय.