चव दहा जणांची, लग्न साडेतीनशेंचं

हल्ली कार्यालय ठरायच्या आत कॅटररचा व्हिडिओ घरी येतो. वाफाळती अळूची भाजी, पाकात चमकणारी जिलबी, टोप्या घातलेले आचारी आणि शेवटी ‘ताट ५०० ते ९००’. यातलं काही खोटं नसतं. पण टेस्टिंगचा मसालेभात दहा जणांपुरता शिजतो आणि लगेच पुढ्यात येतो. लग्नातला भात सकाळी नऊला उतरतो आणि शेवटची पंगत अडीचला बसते. मधले साडेपाच तास व्हिडिओत नसतात, आणि बिघडायचं ते त्यातच बिघडतं.

कच्च्या तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही टिकतात. भात तासन् तास कोमट राहिला की जिवाणू वाढून विष तयार करतात. उलट्या घडवणारं त्यांचं विष पुन्हा तापवूनही जात नाही, आणि वासावरून त्याचा पत्ता लागेलच असं नाही. म्हणून भात वाढून होईपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिला पाहिजे. चांगला आचारी एकदाच मोठं पातेलं चढवत नाही. दोन-तीन खेपांत भात लावतो. माझ्या मते स्वयंपाकघराची स्वच्छता जोखायची ती आधी इथे, चकचकीत फरशीवर नाही. बुफेच्या भांड्याखाली गरम पाणी आणि पेटता बर्नर आहे का, तापमापक कुणाच्या हातात दिसतो का, हे बघा. मठ्ठ्याचा बर्फही विचारा: खाण्याचा नसलेला बर्फ निळसर करण्याचा नियम २०१८ पासून आहे.

आता दर. समजा, ६०० रुपयांचं ताट आणि ३५० ताटांची हमी ठरली. जेवले ३१०, तरी बिल ३५० चंच, म्हणजे २,१०,००० रुपये. वर ५ टक्के जीएसटी धरला तर २,२०,५००. जेवलेल्या माणसामागे ताट ७११ रुपयांना पडलं. (मोठ्या हॉटेलच्या आवारात कराचा दर वेगळा असू शकतो.) त्यामुळे ५०० की ९०० यापेक्षा हमीचा आकडा महत्त्वाचा, तो अपेक्षित पाहुण्यांपेक्षा थोडा कमीच लिहून घ्यावा. वरची ताटं कोण मोजणार, हेही तेव्हाच ठरवा आणि मोजायला घरचं एक माणूस उभं करा.

परवान्याचा १४ अंकी क्रमांक मागून एफएसएसएआयच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता आणि मुदत तपासता येते. व्हिडिओतलं स्वयंपाकघर त्याच पत्त्यावरचं आहे का, हे सरळ विचारावं.

आणि टेस्टिंग दुपारी साडेबाराला असेल, तर कॅटररला एवढंच सांगा: भात नऊलाच उतरवा, लग्नात ठेवता तसाच गरम ठेवा, आणि आम्हाला तोच वाढा. वाढण्याआधी त्यात तापमापकही घालायला लावा.